दीड तासाची मीटिंग आणि अर्ध्या पानाचं मत: 'येत नाही' हे कसं कळवावं

प्रश्न: मी एका उत्पादन कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. विक्री विभागाच्या प्रमुखांनी गुरुवारी दुपारी 3 ते 4:30 मीटिंग ठेवली आहे, विषय 'नवीन डीलर धोरण'. अकरा जणांना बोलावलंय. माझा संबंध फक्त उधारीच्या मुदतीशी, ती 30 वरून 45 दिवस करायचं चाललंय. शुक्रवारी महिनाअखेरचे हिशेब बंद करायचे आहेत, त्यामुळे गुरुवारची दुपार गेली तर अडचण होते. ते पदाने माझ्यापेक्षा मोठे आहेत. न जाता माझं म्हणणं लिहून दिलं तर चालेल का? आणि त्यांना वाईट न वाटता हे सांगायचं कसं?

चालेल. अट एकच आहे: तुम्ही लिहून दिलेलं मत गुरुवारी त्या खोलीत तुमच्याशिवाय उभं राहिलं पाहिजे. नकाराच्या शब्दांची काळजी सगळेच करतात, पण मागून येणारं टिपण कच्चं असेल तर कितीही गोड नकार पुरत नाही. टिपण पक्कं असेल तर दोन ओळींचा साधा नकारही कोणाला टोचत नाही.

मी बरीच वर्षं मीटिंग बोलावणाऱ्यांच्या बाजूला बसून काम केलं आहे. निमंत्रणं पाठवणं, विषयपत्रिका तयार करणं, कोण येणार आणि कोण नाही याची यादी वरिष्ठांपुढे ठेवणं आणि शेवटी इतिवृत्त लिहिणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे नकार वाचताना समोरच्याच्या मनात काय येतं ते मला जवळून माहीत आहे. पहिली शंका असते, 'या आल्या नाहीत तर आज निर्णय होईल का?' दुसरी, 'आज गप्प राहून आठवड्याने हरकत घेतील का?' आणि तिसरी कोणी बोलून दाखवत नाही: 'बाकीच्या दहा जणांसमोर माझ्या मीटिंगला किंमत दिली नाही असं दिसेल का?' तुमच्या निरोपाने या तिन्ही शंका मिटल्या की काम झालं. 'खूप कामात आहे' या कारणाने यातली एकही मिटत नाही, उलट तिसरी वाढते. कामात तर सगळेच असतात.

सुरुवात उत्तर लिहिण्यापासून करू नका. आधी शोधा की त्यांना तुमच्याकडून नेमकं काय हवं आहे. निमंत्रणाच्या यादीत नाव असण्यामागे सहसा चारांपैकी एक कारण असतं. त्यांना तुमच्याकडून माहिती हवी असते, किंवा मत हवं असतं, किंवा तुमच्या विभागाचा होकार हवा असतो, किंवा तुम्ही नुसतं ऐकावं असं वाटत असतं. माहिती आणि मत लिहून देता येतं. नुसतं ऐकायचं असेल तर इतिवृत्त पुरतं. होकार मात्र लिहून देणं अवघड जातं, कारण कशाला होकार, हे मीटिंग सुरू होईपर्यंत ठरलेलं नसतं. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की त्यांना तुमचा होकारच हवा आहे. मुदत वाढवायची आणि 'अकाउंट्सलाही मान्य आहे' असं पुढे सांगता यावं, यासाठी तुम्हाला बोलावलं आहे. त्यात गैर काही नाही. पण मग नुसता एक तक्ता पाठवून सुटका होणार नाही.

खात्री करून घ्यायला एक छोटा प्रश्न पुरतो. तो असा विचारा:

> नमस्कार सर, गुरुवारच्या मीटिंगचं निमंत्रण मिळालं. उधारीच्या मुदतीबद्दल अकाउंट्सकडून आकडे हवेत की त्याच दिवशी मुदतीवर निर्णयही घ्यायचा आहे? त्याप्रमाणे तयारी करते.

यात 'माझी गरज आहे का?' असं कुठेही नाही. तो प्रश्न कानाला नम्र वाटतो, पण वाचणाऱ्याला तो 'मला का बोलावलंत?' असाच ऐकू येतो, आणि मग ते 'हो, या' एवढंच लिहून मोकळे होतात. तयारीच्या निमित्ताने विचारलं की उत्तरात खरी माहिती मिळते. बऱ्याचदा याच उत्तरात दार उघडतं: 'निर्णय आज नाही, आकडे असले की झालं.'

दरम्यान तुमच्या स्वतःच्या वरिष्ठांच्या कानावर घाला. परवानगी मागायची म्हणून नव्हे, तर विक्रीप्रमुखांनी त्यांना जाता-जाता 'तुमच्याकडून कोणी येत नाही म्हणे' असं म्हटलं तर त्यांना ते पहिल्यांदा कळू नये म्हणून. मात्र निरोपात त्यांची ढाल करू नका. 'आमच्या मॅडमनी सांगितलंय की महिनाअखेरीला मीटिंग नको' असं लिहिलंत की दोघींच्या वतीने एक नकार गेला, आणि तो दोन विभागांमधला झाला.

आता निरोप. आपल्याकडे नाही म्हणायची एक सवय अशी की आपण नाही म्हणतच नाही. 'बघते', 'प्रयत्न करते', 'जमलं तर येतेच' असं बोलून सोडून देतो. बोलताना हे चालतं, कारण सूर आणि चेहरा उरलेलं सांगतो. लिहिल्यावर यातलं प्रत्येक वाक्य 'येणार' असं वाचलं जातं. मी याद्या करायचे तेव्हा 'प्रयत्न करते' लिहिणारी माणसं 'येणार' याच रकान्यात टाकायचे, कारण दुसरा मार्गच नसायचा. मग ती आली नाहीत की मुद्दा अडकायचा आणि वरिष्ठांचा राग दुप्पट व्हायचा: न आल्याचा आणि न सांगितल्याचा. त्यामुळे 'येऊ शकणार नाही' हे शब्द एकदा, स्पष्ट, लिहायलाच हवेत. मात्र ते पहिल्या वाक्यात नकोत. पहिल्या वाक्यात तुम्ही काय देणार आहात ते येऊ द्या.

दुसऱ्या टोकाची सवयही आहे. 'क्षमस्व', 'कृपया नोंद घ्यावी', 'अपरिहार्य कारणास्तव' असं लिहिलं की आदर दाखवला असं वाटतं. हे शब्द सूचनाफलकावरचे आहेत. ज्या माणसाशी आपण एरवी जिन्यात दोन शब्द बोलतो त्याला असं लिहिलं की तो चमकतो, कारण त्यात दुरावा दिसतो. 'सर' आणि 'तुम्ही' एवढा आदर पुरेसा आहे. कारण एका वाक्यात द्या, खरं द्या, आणि त्याची माफी मागत बसू नका. माफी तीनदा मागितली की वाचणाऱ्यालाही वाटू लागतं की काहीतरी चुकीचं घडतंय.

तुमच्यासाठी मी असं लिहीन:

> नमस्कार सर,
> उधारीची मुदत 30 वरून 45 दिवस करण्याबाबत अकाउंट्सचं मत आणि डीलरनिहाय थकबाकीची यादी बुधवारी दुपारी 12 पर्यंत तुम्हाला पाठवते. मत अर्ध्या पानाचं असेल, त्या मुद्द्याला वाचून दाखवता येईल असं.
> शुक्रवारी महिनाअखेरचे हिशेब बंद होतात, त्यामुळे गुरुवारी पूर्ण वेळ मीटिंगला मी येऊ शकणार नाही. मुदतीच्या मुद्द्यावर प्रत्यक्ष बोलणं गरजेचं वाटलं तर बुधवारी दुपारी 4 ला किंवा गुरुवारी सकाळी 10 ला दहा मिनिटं तुमच्याकडे येते.
> मीटिंग चालू असताना प्रश्न निघाला तर फोन करा, मी जागेवरच आहे.

तीन शंकांकडे परत पाहा. निर्णय अडणार नाही, कारण मत आधी येतंय आणि फोन उचलला जाणार आहे. नंतर हरकत येणार नाही, कारण भूमिका लेखी आहे. आणि मानाचा प्रश्न उरत नाही, कारण मीटिंगचा विषय तुम्ही इतका मनावर घेतला आहे की त्यासाठी वेगळा वेळ काढायला तयार आहात. हा निरोप निमंत्रण आल्यापासून दिवसभरात गेला पाहिजे. निमंत्रण सोमवारी आलं असेल तर मंगळवारी सकाळी. बुधवारी संध्याकाळी हाच मजकूर पाठवलात तर त्यातलं चांगलं काहीच उरत नाही, कारण तोवर त्यांनी तुम्हाला धरून आखणी केलेली असते.

पर्याय देताना एकच द्या, फार तर वेळा दोन द्या. 'लिहून देते, किंवा फोनवर बोलू, किंवा पुढच्या आठवड्यात भेटू, किंवा माझ्या जागी कोणाला पाठवते, तुम्ही म्हणाल तसं' हे उदार वाटतं, पण त्यामुळे निवडण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडतं. घाईत असलेला माणूस मग सगळ्यात सोपं उत्तर देतो: 'तुम्ही याच.'

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, टिपण. इथे मी एक घडलेली गोष्ट सांगते, कारण त्यानंतरच मी टिपणं वेगळ्या पद्धतीने मागायला लागले. अशाच एका मीटिंगला एका विभागाने लेखी मत पाठवलं होतं: 'मुदत 45 दिवस करण्यास आमची सहमती नाही.' कारणंही दिली होती, चांगली होती. मीटिंगमध्ये चर्चा फिरत फिरत 40 दिवसांवर आली, सोबत काही अटी. आता त्या टिपणाचं काय करायचं हे कोणालाच कळेना. ते 45 ला विरोध करत होतं, 40 बद्दल गप्प होतं. शेवटी कोणीतरी म्हणालं, '45 तर आपण करत नाही, म्हणजे त्यांची हरकत उरली नाही.' तसं इतिवृत्तात मीच लिहिलं. त्या विभागाला ते वाचून धक्का बसला, आणि तो बसणं साहजिक होतं. चूक त्यांच्या मताची नव्हती. मीटिंगमध्ये प्रस्ताव बदलतो, आणि ते टिपण एकाच प्रस्तावासाठी लिहिलेलं होतं.

म्हणून टिपणात चार गोष्टी हव्यात: तुमचं मत, त्याचं कारण, तुम्ही कुठवर सरकायला तयार आहात, आणि कुठे सरकणार नाही. पहिल्या दोन सगळे लिहितात. माणूस खोलीत नसताना खरं काम पुढच्या दोन करतात. तुमच्या बाबतीत ते साधारण असं दिसेल. आकडे तुमच्या वहीतले घाला, हे नमुन्याचे आहेत:

> विषय: उधारीची मुदत 30 ऐवजी 45 दिवस. अकाउंट्सचं मत.
>
> मत: गेल्या 6 महिन्यांत ज्या डीलरची एकदाही थकबाकी राहिलेली नाही त्यांना 45 दिवस द्यायला आमची हरकत नाही. बाकीच्यांना 30 च ठेवावेत.
>
> कारण: सगळ्यांना 45 दिवस दिले तर महिन्याच्या उधार विक्रीच्या साधारण निम्मी रक्कम आजच्यापेक्षा जास्त बाजारात अडकून राहील. शिवाय काही डीलरचे पैसे आजही 30 ऐवजी 38 व्या दिवशी येतात. मुदत वाढली की तेच 53 व्या दिवशी येतील असं धरावं लागेल. नावं सोबतच्या यादीत आहेत.
>
> यात बदल चालेल: 45 ऐवजी 40 दिवस, किंवा 6 महिन्यांऐवजी 4 महिन्यांची अट. यासाठी पुन्हा विचारायची गरज नाही.
>
> हे चालणार नाही: मुदत आणि उधारीची मर्यादा दोन्ही एकाच वेळी वाढवणं. असा प्रस्ताव आला तर तेवढा मुद्दा राखून ठेवावा. सोमवारी सकाळी 11 पर्यंत आमचं उत्तर देते.

यातलं 'निम्मी रक्कम' हे गणित साधं आहे. 30 दिवसांची उधारी असताना साधारण एका महिन्याची विक्री बाजारात असते, आणखी 15 दिवस दिले की अर्ध्या महिन्याची वाढते. विक्रीच्या लोकांना थकबाकीचे पाच तक्ते दाखवण्यापेक्षा हे एक वाक्य लक्षात राहतं, आणि तुमच्या अनुपस्थितीत दुसरा कोणीही ते उच्चारू शकतो. टिपणाची कसोटी हीच धरा: विषय न जाणणाऱ्या सहकाऱ्याने ते मोठ्याने वाचलं तर एका मिनिटात संपतं का, आणि त्याला मध्ये थांबून 'म्हणजे काय?' असं विचारावं लागतं का? यादी, तक्ते, मागचे पत्रव्यवहार हे सगळं जोडपत्रात जाऊ दे. टिपण दोन पानांचं झालं की ते 'सर्वांनी वाचून घ्यावं' असं म्हणून बाजूला ठेवलं जातं, आणि तसं म्हटल्यावर कोणी वाचत नाही.

'यात बदल चालेल' हा भाग लिहायला बहुतेकांचा हात अडतो. वाटतं, आपणच आधी सवलत जाहीर केली तर तीच घेतली जाईल. ही भीती अगदी खोटी नाही. 40 दिवस चालतील असं लिहिलंत तर कदाचित 40 च ठरतील. पण हे तुम्ही न जाण्याच्या बदल्यात देत आहात. समोर बसून एकेक दिवस धरून ठेवायचा असेल तर समोर बसावंच लागेल. म्हणून सवलत तेवढीच लिहा जी खरोखर ठरली तरी तुम्हाला झोप लागेल.

शेवटच्या भागात तारीख आणि वेळ असणं तितकंच महत्त्वाचं आहे. 'हे चालणार नाही' एवढंच लिहिलं तर तो अडथळा वाटतो. 'एवढा मुद्दा ठेवा, सोमवारी 11 पर्यंत उत्तर देते' असं म्हटलं की बाकीचा निर्णय पुढे जाऊ शकतो. आणि मग सोमवारी 11 ला उत्तर गेलंच पाहिजे. ते चुकलं तर पुढच्या वेळी तुमचं टिपण कोणी थांबून वाचणार नाही.

टिपण आधी एकट्या विक्रीप्रमुखांना पाठवा, अकरा जणांना नाही. 'चालणार नाही' हे वाक्य त्यांनी सगळ्यांसोबत पहिल्यांदा वाचलं तर ते त्यांना चारचौघांत अडवल्यासारखं होतं. सोबत एक ओळ जोडा: 'तुम्हाला योग्य वाटलं तर विषयपत्रिकेसोबत सगळ्यांना पाठवा.' बहुतेक जण पाठवतात. नाही पाठवलं, तर गुरुवारी मीटिंगमध्ये असणाऱ्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला सांगून ठेवा की मुदतीचा मुद्दा आला की टिपणाची आठवण करून द्या. आठवण करून देणं आणि तुमच्या वतीने भांडणं यात फरक आहे, दुसरं काम कोणावर टाकू नका.

कॅलेंडरमधल्या बटणांबद्दल थोडं, कारण चांगला निरोप तिथे बिघडतो. आधी निरोप पाठवा, मग बटण दाबा. उलट केलंत तर त्यांच्याकडे आधी नुसता कोरडा नकार पोचतो. Outlook मध्ये `Decline` निवडताना उत्तर लिहून पाठवायचा पर्याय मिळतो. तिथे 'सविस्तर निरोप पाठवला आहे, टिपण बुधवारी 12 पर्यंत' एवढं लिहा. नकार दिल्यावर ती मीटिंग सहसा तुमच्या कॅलेंडरमधून जाते, तेव्हा आतली कागदपत्रं आणि लिंक आधी उतरवून घ्या. Google Calendar मध्ये `No` सोबत लिहिलेली टीप इतर निमंत्रितांनाही दिसू शकते, म्हणून तिथे कारणं नकोत. `Tentative` किंवा `Maybe` वर ठेवून देणं म्हणजे लेखी 'बघते'. आणि `Propose New Time` अकरा जणांच्या मीटिंगसाठी वापरू नका. तुमच्या एका मुद्द्यासाठी दहा जणांची वेळ हलवा, असं मागणं होतं ते. दोघा-तिघांच्या भेटीला ते ठीक आहे.

समजा त्यांचं उत्तर आलं, 'टिपण पाठवा, पण थोडा वेळ तरी या.' हे ताबडतोब मान्य करा, फक्त मुद्दा सुरुवातीला घ्यायला सांगा: 'मुदतीचा मुद्दा पहिला घेता आला तर 3 ते 3:15 येते.' मधला किंवा शेवटचा मुद्दा असेल तर पंधरा मिनिटांसाठी येणं फसतं, कारण मीटिंगा वेळेवर पुढे सरकत नाहीत. 3:40 ला येणारा मुद्दा 4:10 ला येतो आणि तुमची दुपार जायची ती जातेच, वर तुम्ही घड्याळ पाहत बसलेल्या दिसता. पहिला मुद्दा घेणं शक्य नसेल तर 'मुद्दा आला की फोन करा, दोन मिनिटांत येते' हे जास्त बरं. गेल्यावर बसतानाच सांगा की 3:15 ला निघणार आहात, आणि 3:15 ला खरंच निघा. मुद्दा संपल्यावर संकोचाने बसून राहिलात तर पुढच्या वेळी तुमच्या 'पंधरा मिनिटं येते' याचा अर्थ दीड तास असाच घेतला जाईल.

मीटिंग झाल्यावर काम थोडं उरतं. शुक्रवारी हिशेबांच्या गडबडीतही इतिवृत्त आलं की पाच मिनिटं काढून फक्त तुमचा मुद्दा वाचा. तिथे 'थकबाकी नसलेल्या डीलरना 45 दिवस' असं असेल तर टिपण पोचलं. 'अकाउंट्सची संमती' एवढंच असेल, अट गायब असेल, तर त्याच दिवशी एका ओळीत दुरुस्ती कळवा: 'आमची संमती 6 महिन्यांच्या अटीसह होती, तेवढं जोडावं.' आठवड्याने कळवलेली हीच दुरुस्ती नवी हरकत म्हणून वाचली जाते, आणि ती त्यांच्या दुसऱ्या शंकेला खरं ठरवते. आणखी एक खूण: मीटिंगनंतर तुम्हाला असा प्रश्न आला ज्याचं उत्तर टिपणात होतं, तर ते वाचलं गेलं नाही. असा प्रश्न आला ज्याचं उत्तर टिपणात नव्हतं, तर त्यांनी वाचलं आणि ते अपुरं पडलं. पहिल्या वेळी पुढचं टिपण छोटं करा. दुसऱ्या वेळी त्या विषयाच्या पुढच्या मीटिंगला स्वतः जा.

लिहून भागत नाही अशाही काही वेळा असतात. मुदतवाढीला तुमचा ठाम विरोध असेल आणि तो एकट्या तुमचाच असेल, तर जा. एकटा विरोध कागदावर असला की तो वाचून पुढे जाणं फार सोपं असतं, माणूस समोर असला की तसं होत नाही. एखाद्या सहकाऱ्याचं काम किंवा चूक चर्चेला येणार असेल तरी जा, कारण अशा वेळी लिहिलेलं वाक्य बोललेल्यापेक्षा कठोर उतरतं आणि ते फाइलमध्ये राहतं. आणि धोरणाची ही पहिलीच मीटिंग असेल, प्रस्ताव अजून कागदावर उतरलाच नसेल, तर टिपण कशावर लिहिणार? तिथे शक्य तर पहिली वीस मिनिटं तरी बसावं, आणि पुढच्या फेऱ्यांना लेखी मत द्यावं.

आणि एवढं करूनही विक्रीप्रमुखांनी लिहिलं की 'मला तुम्ही समोर हव्या आहात', तर दुसऱ्यांदा नकार देऊ नका. त्यांना असं काहीतरी माहीत असू शकतं जे निमंत्रणात नाही. मुदतीच्या मुद्द्यावर कोणाशी तरी वाद होणार असेल आणि त्यांना अकाउंट्सचा माणूस शेजारी हवा असेल. 'येते सर, मुद्दा सुरुवातीला घेता आला तर बरं होईल' एवढं कळवा, आणि टिपण तरीही बुधवारी 12 ला पाठवा. ते आधी हातात पडलं असलं की त्या मुद्द्यावर पुष्कळ कमी बोलावं लागतं, आणि तुमचा मुद्दा उरकला की बऱ्याचदा प्रमुख स्वतःच म्हणतात, 'तुमचं झालं, तुम्ही निघा, तुमचे हिशेब आहेत.'